टॅको फीडबॅकने डॅम्पिंग वाढतं, पण स्थिर त्रुटीचं काय होतं?

प्रश्न: पोझिशन सर्व्होला टॅको जोडला की ओव्हरशूट कमी होतो, पण स्टेडी-स्टेट एरर वाढते का?

उत्तर: स्टेप इनपुटला नाही, रॅम्पला हो.

समजा `G(s) = 100/(s(s+4))`, युनिटी फीडबॅक. इथे `ωn = 10`, `ζ = 0.2`, ओव्हरशूट सुमारे 53%. टॅकोचा सिग्नल `Kt = 0.1` ने अँप्लिफायरच्या इनपुटवर वजा केला, की

`s² + (4 + 100Kt)s + 100 = s² + 14s + 100`

`ωn` तोच राहतो, `ζ` 0.7 होतो आणि ओव्हरशूट 5 टक्क्यांच्या आत येतो. शाफ्ट थांबल्यावर टॅकोचं व्होल्टेज शून्य, म्हणून स्टेपची त्रुटी शून्यच.

रॅम्पमध्ये मात्र शाफ्ट सतत फिरतो. टॅकोचं वजा व्होल्टेज भरून काढायला तेवढी जादा त्रुटी लागतेच. `Kv` 25 वरून 100/14 = 7.14 वर येतो. 1 रेडियन/सेकंदला त्रुटी 0.04 वरून 0.14 रेडियन.

उपाय: इनपुटचा वेग माहीत असेल तर तो `Kt` ने गुणून त्याच ठिकाणी मिळवा, त्रुटी पुन्हा 0.04 होते, डॅम्पिंग तसंच राहतं. नाहीतर टॅकोच्या वाटेत हाय-पास फिल्टर टाका, म्हणजे स्थिर वेगाचा सिग्नल अडतो.

जोडण्याआधी ध्रुवता तपासाच. तारा उलट लागल्या तर मधलं पद `4 − 10 = −6` होतं आणि लूप अस्थिर होतो.