सव्वादोन टक्क्यांचा आकडा नेमकं काय सांगतो?

प्रश्न: अकरा वर्षं अमेरिकेत नोकरी करून आम्ही कोथरूडला परत आलो. तिथल्या ब्रोकरेज खात्यात ५०,००० डॉलर पडून आहेत. मुलगी आठ वर्षांची आहे, दहा वर्षांनी तिच्या तिकडच्या कॉलेजसाठी ते लागतील. दहा वर्षांचा साधा सरकारी रोखा ४.३ टक्के देतो आणि महागाईशी जोडलेला (टिप्स) २ टक्के अधिक महागाई. म्हणजे बाजार २.३ टक्के महागाई धरून चाललाय. मला वाटतं ती २.६ राहील. मग सगळे टिप्समध्ये टाकले तर फायदा पक्काच ना?

उत्तर: वजाबाकी बरोबर आहे, तिचा अर्थ मात्र घाईने लावलात. महागाई चक्रवाढीने मुद्दलावर चढते, म्हणून खरं तर भागाकार करायचा: १.०४३ भागिले १.०२. उत्तर येतं साधारण २.२५ टक्के. फरक किरकोळ आहे, पुढे मी सव्वादोनच म्हणेन.

हा सव्वादोन म्हणजे दोन्ही रोखे मुदतीपर्यंत ठेवले तर बरोबरीत सुटतील अशी महागाई. बाजाराचा अंदाज त्यात आहे, पण भेसळीसकट. साधा रोखा घेणाऱ्याला महागाई अचानक भडकण्याची भीती असते आणि त्या भीतीचं मोल तो व्याजात मागून घेतो. त्यामुळे दोन रोख्यांच्या व्याजातली ही दरी अंदाजापेक्षा रुंद होते. दुसरीकडे टिप्सना गिऱ्हाईक कमी. गरज पडेल तेव्हा चटकन विकता येतीलच असं नाही, म्हणून घेणारा तिथे थोडं जास्त व्याज मागतो आणि दरी अरुंद होते. या दोन ओढाताणींतून उरतो तो आकडा तुम्ही पाहताय. त्यातला अंदाज किती आणि भीती किती, हे वजाबाकी सांगत नाही. अभ्यासक मॉडेलं लावून ते वेगळं काढतात, आणि त्यांची उत्तरंही एकमेकांशी जुळत नाहीत.

२००८ च्या अखेरीला हीच दहा वर्षांची दरी शून्याच्या जवळ आली होती. पुढची दहा वर्षं अमेरिकेत भाव वाढणारच नाहीत असं तेव्हा कुणाला खरंच वाटत होतं का? मंदीची धास्ती होती हे खरं. पण लेहमन ही बडी गुंतवणूक बँक बुडाल्यावर जो तो रोख पैशासाठी टिप्स विकत होता आणि साध्या ट्रेझरीकडे, म्हणजे सरकारी रोख्यांकडे, धावत होता. आकडा महागाईइतकाच त्या पळापळीचाही होता. मार्च २०२० मध्ये दरी पुन्हा अर्ध्या टक्क्याच्या आसपास गेली आणि जून २०२२ मध्ये अमेरिकेतली वार्षिक महागाई ९.१ टक्के निघाली. सेंट लुईसच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या फ्रेड या आकडेवारीच्या संकेतस्थळावर `T10YIE` टाका, दोन्ही खड्डे आलेखात दिसतील.

आता तुमचे पैसे. मुदतीपर्यंत ठेवणाऱ्याला ही भेसळ फारशी छळत नाही, त्याची बेरीज तशीच राहते. मधलं व्याज त्याच दराने पुन्हा गुंतलं असं सोयीसाठी धरू. साध्या रोख्यातले ५०,००० दहा वर्षांनी सुमारे ७६,२०० होतील. तुमचा २.६ टक्क्यांचा अंदाज खरा ठरला तर टिप्समधले होतील ७८,८०० च्या आसपास. म्हणजे बरोबर ठरल्याचं बक्षीस २,६०० डॉलर. महागाई १.८ वर राहिली तर टिप्स ७२,८५० वरच थांबतील आणि तुम्ही ३,३०० नी मागे पडाल. एवढ्यासाठी पैज लावावी असं मला वाटत नाही.

पण हेच आजच्या किमतीत मोजा, चित्र बदलतं. टिप्स कुठल्याही महागाईत आजचे साधारण ६०,९५० डॉलर हातात ठेवतात. साधा रोखा १.८ टक्के महागाईत ६३,७०० देतो, २.६ मध्ये ५८,९००, आणि महागाई ४.५ टक्के निघाली तर ४९,०५०. दहा वर्षं थांबून टाकले त्यापेक्षाही कमी! टिप्स घेण्याचं कारण हे आहे. तुमचा २.६ चा अंदाज चुकला तरी ते कारण टिकतं. हा विमा आहे, आणि विम्याचा हप्ता त्या दरीत मिसळलेला असतो.

विमा कशाचा, हे मात्र तपासून घ्या. टिप्स अमेरिकेच्या शहरी ग्राहक निर्देशांकाला बांधलेले आहेत, तेही तीन महिन्यांपूर्वीच्या आकड्याला. कॉलेजची फी त्या टोपलीतला एक छोटासा जिन्नस. फी आणि निर्देशांक वेगवेगळ्या वेगाने चालले तर दरीतून ते कळणार नाही. आपल्याकडे हा धडा चांगलाच महाग पडला होता. जून २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने महागाईशी जोडलेले दहा वर्षांचे रोखे काढले, १.४४ टक्क्यांचे. साधा दहा वर्षांचा रोखा तेव्हा सव्वासात टक्क्यांच्या आसपास होता, म्हणजे दरी पावणेसहाच्या जवळपास. पण जोडणी होती घाऊक निर्देशांकाशी, ज्यात घरभाडं, शाळेची फी, डॉक्टरचं बिल असल्या सेवा नसतातच. २०१४ च्या अखेरीपासून तो निर्देशांक वर्षभराहून अधिक काळ चक्क उणे होता, आणि त्या दशकात त्याची सरासरी वाढ साडेतीन टक्क्यांच्या आतच राहिली. पुण्यातल्या घरात शाळेची फी काही त्या काळात उतरली नव्हती. रोख्याने दिलेला शब्द पाळला, फक्त तो शब्द घरखर्चाबद्दल नव्हता.

म्हणूनच विचारतो, मुलगी शेवटी इथेच शिकायचं म्हणाली तर? मग तुमचा खर्च रुपयांत आणि विमा अमेरिकेतल्या भावांचा.

अजून एक गोष्ट दरीत दिसत नाही, ती म्हणजे मधल्या वाटेवरची किंमत. २०२२ मध्ये महागाई चाळीस वर्षांतली सर्वाधिक होती आणि तरीही टिप्सचे मोठे फंड दहा टक्क्यांहून जास्त पडले, कारण महागाई वगळून उरणारे खरे व्याजदर झपाट्याने वाढले आणि हातातल्या जुन्या रोख्यांच्या किमती उतरल्या. त्यामुळे फंड नको, ठरलेल्या मुदतीचा रोखाच घ्या. शक्यतो नवा. मुदतीला मूळ मुद्दलापेक्षा कमी मिळत नाही ही हमी असते, पण बाजारातून जुना रोखा घेतलात तर त्यावर आधीच चढलेली महागाई त्या हमीत येत नाही. ग्रीन कार्ड अजून ठेवलं असेल तर दरवर्षी वाढलेल्या मुद्दलावर, ते हातात आलेलं नसतानाही, तिकडे कर लागतो. हे सीएंना आधी विचारा.

मी असं करेन. फी चार वर्षांत भरायची आहे, सगळी एकदम नाही. नवे दहा वर्षांचे टिप्स जानेवारीत आणि जुलैत निघतात. येत्या जुलैत १२,५०० डॉलरचे घ्या आणि पुढचे तीन जुलै तेवढेच. प्रत्येक रोखा त्या त्या वर्षीची फी भरायच्या सुमाराला हातात येईल. वाट पाहणारे पैसे तोवर एकेक वर्षाच्या ट्रेझरीत ठेवा. तिसऱ्या-चौथ्या हप्त्याचा निर्णय आजच घेऊ नका. तोवर मुलगी अकरा वर्षांची झालेली असेल आणि तिकडे जायचंय की नाही याबद्दल तिचंही काही मत असेल.