ऑडिट फीचा टीडीएस: बिलाच्या दिवशी की 31 मार्चला?

प्रश्न: आमची छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. 31 मार्च 2025 ला ऑडिट फीची 80,000 रुपयांची तरतूद केली, टीडीएस कापला नाही. आता सप्टेंबरमध्ये बिल आलंय: फी 80,000, प्रवास व राहण्याचा खर्च 6,500, वर जीएसटी. पैसे देताना टीडीएस कापला तर चालेल ना? आणि किती रकमेवर कापू?

उत्तर: पैसे देईपर्यंत थांबायची मुभा इथे नव्हती. कलम 194जेप्रमाणे रक्कम खात्यात जमा दाखवली किंवा दिली, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा 10 टक्के कापायचे असतात. ‘ऑडिट फी देय’ खात्यात जमा केली तरी ती जमाच. ऑडिटर आणि फी दोन्ही ठरलेले होते, म्हणून 31 मार्चलाच 8,000 कापून 30 एप्रिलपर्यंत भरायला हवे होते.

आता उशीर आणखी वाढू देऊ नका. 20 सप्टेंबरला कापलात, तर महिना 1 टक्क्याने व्याज लागेल. अपुरा महिनाही पूर्ण धरतात, त्यामुळे मार्च ते सप्टेंबर सात महिने झाले, म्हणजे 560 रुपये. हे तुमच्या खिशातून जातील, ऑडिटरच्या बिलातून वळते करू नका. कापलेला टीडीएस 7 ऑक्टोबरच्या आत भरा, नाहीतर पुढे दीड टक्क्याचा दर लागतो. आयकर विवरणपत्राच्या मुदतीपर्यंतही तो भरला नाही, तर फीचा 30 टक्के भाग, म्हणजे 24,000, 2024-25 च्या खर्चातून नामंजूर होईल. 25 टक्के दराने तो 6,000 रुपयांचा कर झाला, सेस वेगळा. 560 देऊन हे टळत असेल, तर विचार कसला करायचा?

प्रवासखर्चाचं म्हणाल, तर तो फीच्याच बिलात आहे. सीबीडीटीने 1995 च्या परिपत्रकात सांगितलंय की बिलाच्या रकमेतून असा खर्च वजा करून टीडीएस काढता येत नाही. त्यामुळे 6,500 वरही 650 कापा. तिकिटांसह वेगळं बिल असतं तर न कापण्याची बाजू मांडता आली असती, पण 650 साठी मी तो वाद ओढवून घेणार नाही. ऑडिटरला त्याचं क्रेडिट मिळतंच. हा खर्च मार्चला नोंदलेला नव्हता, म्हणून त्यावर व्याज नाही.

जीएसटी बिलात वेगळा दाखवलाय, त्यावर टीडीएस नाही. 86,500 वर 18 टक्के म्हणजे 15,570, एकूण बिल 1,02,070. त्यातून 8,650 वजा करून ऑडिटरला 93,420 द्या.

एक गोष्ट मात्र आजच तपासा. तुमच्या अकाउंटंटने 1 एप्रिलला तरतूद उलटवली नसेल आणि आता बिल नव्याने खर्चात नोंदवलं असेल, तर तीच फी यंदाच्या खर्चात पुन्हा येते, किंवा पुढच्या वर्षी मार्चला टीडीएस कापून बिलावर परत कापला जातो. बिलातली फी खर्चात न टाकता थेट ‘ऑडिट फी देय’ खात्यात नावे टाकायला सांगा. प्रवासाचे 6,500 तेवढे यंदाच्या खर्चात, ‘ऑडिटरला खर्चभरपाई’ या वेगळ्या ओळीत.