‘खंबीर राहा’ म्हटल्यानंतर

प्रिय,

मैत्रिणीचे वडील गेले तेव्हा निघताना तू तिचा हात धरून म्हणालीस, “आता तुलाच खंबीर राहायचंय, आईकडे बघ.” ती “हो” म्हणाली. त्यानंतर तिचा फोन नाही. तू केलास तर “मी ठीक आहे” एवढंच. तिचं काय बिनसलं, असं तू विचारतेस. बिनसलेलं काही नाही. तू सांगितलंस तशीच ती वागते आहे.

त्या वाक्यातून तिच्यापर्यंत पोचलं ते असं: रडले तर मी कमी पडले, आणि आईसमोर तर नाहीच. मग ती बाथरूममध्ये नळ सोडून रडते, तोंड धुऊन बाहेर येते. बहुतेक वेळा आईही मुलीसाठी हेच करत असते. एकाच माणसासाठी दोघी एकमेकींपासून लपून रडतात. बाहेरच्यांना कोरडे डोळे दिसतात, “किती धीराची आहे” म्हणून कौतुक होतं, आणि त्या कौतुकानंतर कोसळायची सोयच उरत नाही. सावरली आहे असं समजून माणसं यायचीही थांबतात.

तू पुन्हा जा. सरळ सांग, “त्या दिवशी खंबीर राहा म्हणाले, ते चुकलं. माझ्यासमोर तसं राहू नकोस.” मग गप्प बस. ही शांतता जड जाते, पण ती तूच भरून काढू नकोस. थोड्या वेळाने विचार, “काकांबद्दल बोलावंसं वाटतंय का?” त्यांचा विषय काढला तर तिला आठवण होईल, ही भीती सोड, ती विसरलेलीच नाही. “मी त्यांना आधीच डॉक्टरकडे न्यायला हवं होतं” असं ती म्हणाली, तर लगेच “तुझी काही चूक नाही” म्हणू नकोस. हेतू चांगला असला तरी त्याने बोलणं तिथेच तुटतं. “तो दिवस सारखा डोळ्यांसमोर येतो का?” असं विचार आणि पूर्ण ऐकून घे.

“काही लागलं तर सांग” म्हटलं की मागायचं ओझं तिच्यावर पडतं. त्याऐवजी, “गुरुवारी संध्याकाळी बँकेच्या कागदांसाठी येते, नको असेल तर कळव.” मेसेजच्या शेवटी लिही, “उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.”

तिला रडवायला मात्र जाऊ नकोस. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या संशोधकांनी 1999 मध्ये मांडलं, की शोकातला माणूस दुःख आणि रोजचं जगणं यांच्यात ये-जा करत असतो. ती हसली तर तूही हस. पण जगण्यात अर्थ नाही असं बोलू लागली, तर आत्महत्येचा विचार येतो का, हे स्पष्ट विचार. तिला एकटी सोडू नकोस आणि डॉक्टरांची मदत घे.

काकांचा वाढदिवस तुझ्या फोनमध्ये नोंदवून ठेव. तोवर भेटायला येणारे कमी झालेले असतील. त्या सकाळी तिला एवढंच लिही: “आज काकांची आठवण आली.”