कुल्ल्यांवरचा लालपणा जांघेच्या घडीत उतरला असेल तर

प्रश्न: आमचं बाळ आठ महिन्यांचं आहे. जुलाब झाले म्हणून दवाखान्यातून अँटिबायोटिकचं सिरप दिलं होतं. जुलाब थांबले, पण कुल्ले लाल झाले. झिंकचं मलम लावलं, थोडं बरं वाटलं, आता मात्र जांघेत लालभडक झालंय आणि बाजूला बारीक पुटकुळ्या आहेत. सासूबाई म्हणतात उष्णता झाली. मेडिकलवाल्याने खाजेची एक ट्यूब दिली आहे, ती लावू का? आम्ही दिग्रसकडच्या खेड्यात राहतो.

उत्तर:

ट्यूब आज लावू नका. तिच्यावर काय लिहिलंय ते कसं वाचायचं, ते खाली सांगते. त्याआधी बाळाच्या जांघेची घडी नीट उघडून बघा, तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातच तालुक्याच्या गावी लहान मुलांचा दवाखाना चालवते. असं लेकरू समोर आलं की मीही आधी घडीच उघडते.

दिवसाच्या उजेडात, दारापाशी किंवा ओसरीवर, बाळाला उताणं निजवा. पावडर, तेल, मलम जे काही लावलं असेल ते कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्याने हलकेच टिपून काढा. हे टाळू नका, कारण घडीत साचलेली पावडर ओली होऊन पांढरी गोळा होते आणि बघणाऱ्याला ती बुरशीच वाटते. मग दोन्ही पाय बेडकासारखे बाजूला करा आणि दोन बोटांनी मांडी अन् पोट यांच्यामधली वळी ताणून तिचा तळ बघा.

लंगोटाच्या ओलीने झालेलं साधं पुरळ वर आलेल्या भागांवर असतं: कुल्ले, मांडीची आतली बाजू, ओटीपोट, मुलगा असेल तर अंडकोष. घडीचा तळ मात्र गोरा, कोरडा, चांगला राहतो. त्याचं कारण साधं आहे. शी आणि शू लंगोटातून कातडीला जिथे घासतात तिथेच ती सोलवटते. घडीत कातडी कातडीला चिकटलेली असते, लंगोट आत पोचतच नाही. बुरशीचं याच्या उलट. तिला बंद, उबदार, ओली जागा लागते, म्हणून ती आधी घडीत घर करते आणि मग बाहेर पसरते. तिथली कातडी गडद लाल आणि चकचकीत दिसते, कडेला पातळ पापुद्रा सुटतो, आणि मुख्य डागापासून थोड्या अंतरावर सुट्या लाल पुटकुळ्या उठतात. तुम्ही लिहिलेल्या पुटकुळ्या याच असाव्यात. बाळ सावळं असेल तर लाल रंग नीट कळत नाही, जांभळट किंवा तपकिरी दिसतो. अशा वेळी चकाकी, पापुद्र्याची कड आणि सुट्या पुटकुळ्या यांच्यावरून ठरवा.

आता तुमच्या बाळाचा क्रम लावून बघू, कारण हे दोन आजार बरेचदा एकामागून एक येतात. जुलाबात शी लवकर बाहेर पडते, तेव्हा तिच्यात पचनाचे रस बरेच शिल्लक असतात आणि ते कातडीला जाळतात. त्यात शू मिसळली की शीतले जंतू शूतल्या युरियापासून अमोनिया करतात, आणि त्याने ते रस आणखी तिखट होतात. म्हणून आधी कुल्ले लाल झाले. ते साधं पुरळ होतं, आणि झिंकच्या थराने त्याला आराम पडला हेही बरोबरच. मधल्या काळात अँटिबायोटिकने आतड्यातले चांगले जंतू कमी केले. कँडिडा नावाची बुरशी आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या आतड्यात थोडीफार असतेच. अडवणारे जंतू कमी झाले की ती वाढते, शीतून बाहेर येते आणि आधीच सोललेल्या ओल्या कातडीवर रुजते. साधं पुरळसुद्धा तीन दिवसांहून जास्त राहिलं तर त्यावर ही बुरशी बसलेली असण्याची शक्यता बरीच असते. झिंक ओल अडवतं, बुरशी मारत नाही. म्हणूनच कुल्ल्यांना फरक पडला आणि जांघ बिघडली.

सासूबाईंच्या ‘उष्णते’बद्दल. आपल्याकडे मे महिन्यात दार उघडलं तरी आगीची झळ येते, त्यामुळे कातडीचं काहीही झालं की दोष उष्णतेवर जातो. पण माझ्याकडे अशी लेकरं पावसाळ्यात जास्त येतात. लंगोट घरातल्या दोरीवर वाळत नाहीत, मग दमट असतानाच बांधले जातात. थंड म्हणून चंदनाचा लेप किंवा बेलाचं सरबत देण्याने या जांघेला काही होणार नाही. तिला कोरडेपणा हवा. सासूबाईंना हे समजवायचं असेल तर घडी उघडून दाखवा. वाद लवकर मिटतो.

औषध म्हणून साधं क्लोट्रिमाझोल १% क्रीम लागतं, ज्यात दुसरं काहीही मिसळलेलं नाही असं. लावायची रीत अशी. साध्या कोमट पाण्याने जागा धुवा, साबण शी झाल्यावरच आणि तोही थोडा. घासू नका, मऊ सुती फडक्याने टिपा, आणि घडी उघडी ठेवून पाच-दहा मिनिटं हवा लागू द्या. मग क्रीमचा पातळ थर घडीच्या तळापर्यंत लावा आणि बाहेरच्या सगळ्यात लांबच्या पुटकुळीच्याही बोटभर पुढे न्या. हे दिवसातून दोन वेळा. क्रीम मुरलं की वर तुमचं झिंकचं मलम जाड लावा, कातडी दिसणार नाही इतकं. क्रम उलटा केला तर झिंकच्या थराखाली औषध पोचणार नाही. पुढच्या वेळी शी पुसताना झिंकचा सगळा थर खरवडू नका. मळलेला वरचा भाग पुसा, उरलेल्यावरच नवा थर द्या. बाळांची कातडी सोलवटते ती बरेचदा या खरवडण्यानेच.

दोन-तीन दिवसांत नव्या पुटकुळ्या येणं थांबायला हवं आणि चकाकी कमी व्हायला हवी. चार-पाच दिवसांत जांघ चांगली दिसू लागते, आणि इथेच लोक क्रीम सोडतात. सोडू नका. एकूण दहा ते चौदा दिवस लावा, नाहीतर आठवड्याभरात तेच परत.

याच काळात बाळाला शक्य तितका वेळ उघडं ठेवा. खाली सुती गोधडी, वर काही नाही. डायपर वापरत असाल तर दोन-तीन तासांनी बदला आणि शी झाली की लगेच. रात्रभर एकच डायपर ठेवला तर दिवसभराची मेहनत वाया जाते. कापडी लंगोट असतील तर वरून प्लॅस्टिकची चड्डी घालू नका. बोअरच्या जड पाण्यात साबण नीट निघत नाही, कापड कडक होतं आणि घासतं, म्हणून दोनदा-तीनदा स्वच्छ पाण्यातून काढा. धुण्याचा सोडा या दिवसांत नकोच. बुरशी असेपर्यंत लंगोट उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात पूर्ण वाळवा.

बोरिक पावडर घरात असेल, म्हणजे कॅरमवर टाकतात ती, तर ती लेकराच्या सोललेल्या कातडीला अजिबात लावू नका. काही घरांत लावतात. ती कातडीतून शोषली जाऊन अंगात भिनते आणि लहान बाळाला विषारी ठरते. साध्या टाल्कम पावडरचाही उपयोग नाही, ती श्वासातून आत जाते ते वेगळंच.

आता ती ट्यूब. तिच्यावर बारीक अक्षरात घटक छापलेले असतात. त्यात बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन यांपैकी एकही नाव दिसलं तर ते स्टिरॉइड आहे. खाज, खरूज, गजकर्ण सगळ्यांवर एकच म्हणून विकल्या जाणाऱ्या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र असतं. लावल्यावर दोन दिवसांत लालपणा उतरतो आणि सगळ्यांना वाटतं, औषध लागू पडलं. प्रत्यक्षात स्टिरॉइडने सूज दबलेली असते, बुरशी तिथेच असते, आणि ट्यूब थांबवली की पुरळ जोराने उसळतं. जांघेची कातडी मुळातच पातळ, तीवर डायपर बांधला की स्टिरॉइड जास्त शोषलं जातं. कातडी आणखी पातळ होते, पांढरे-लाल ओरखडे कायमचे राहू शकतात, आणि फार दिवस वापरलं तर बाळाच्या शरीरातल्या हार्मोनवरही परिणाम होतो. २०१८ पासून अशा अनेक स्टिरॉइड मलमांना डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची आहे, तरी गावात ती काउंटरवरून हातात पडतात. एक-दोनदा लावून झाली असेल तर घाबरू नका, फक्त थांबवा आणि डॉक्टरांना दाखवाल तेव्हा ट्यूब सोबत न्या.

आज बाळाचं तोंडही उघडून बघा. जिभेवर किंवा गालाच्या आत दह्यासारखे पांढरे डाग असतील आणि ओल्या फडक्याने पुसूनही निघत नसतील, तर ती तोंडातली तीच बुरशी आहे. दुधाचा थर पुसला की निघतो. तोंडात डाग असतील तर नुसत्या क्रीमने भागणार नाही, तोंडाचं वेगळं औषध लागतं. तुम्ही अंगावर पाजत असाल आणि स्तनाग्रं चुरचुरत असतील, गुलाबी-चकचकीत दिसत असतील, तर डॉक्टरांना तेही सांगा. एकीचं बरं केलं आणि दुसऱ्याचं राहिलं की ते पुन्हा फिरून येतं.

घडीत लालपणा आहे म्हणजे बुरशीच, असं मात्र धरून बसू नका. मानेच्या वळीत, काखेत, कानामागेही लालसर आणि डोक्यावर तेलकट पिवळे खपले असतील तर तो सेबोरिक त्वचादाह असू शकतो. तो पहिल्या काही महिन्यांत जास्त दिसतो, तुमचं बाळ त्या वयाच्या पुढे गेलंय. गुदाभोवती सोललेलं आणि सोबत ओठांभोवती, हातापायांच्या बोटांवरही चट्टे, जुलाब पुन्हा पुन्हा, वजन वाढत नाही, असं असेल तर शरीरात झिंकची कमतरता असू शकते. तिथे वरून लावायचं मलम कामाचं नाही, बालरोगतज्ज्ञांकडेच न्या.

क्रीम नीट लावूनही तीन दिवसांत काही फरक नसेल, ताप आला, पिवळ्या पाण्याचे मोठे फोड उठले, कातडीतून रक्त येऊ लागलं किंवा बाळ अंगावर पिणं टाळून मलूल पडलं, तर वाट बघू नका, ग्रामीण रुग्णालयात न्या. तोवर जवळच्या उपकेंद्रातल्या ताईंना जांघ दाखवून घ्या, आणि हा सगळा क्रम, जुलाब, सिरप, झिंक, ट्यूब, तारखांसकट कागदावर लिहून ठेवा. पुढे तपासणाऱ्याला तोच कागद सगळ्यात जास्त कामी येईल.