न हललेला कोपरा

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोटो मिळाला. प्रेशर-व्हॉल्यूम लूपच्या प्रश्नात तू ‘कॉन्ट्रॅक्टिलिटी कमी झाली’ या पर्यायावर खूण केलीस, उत्तर निघालं ‘आफ्टरलोड वाढला’, आणि खाली तू लिहिलं आहेस की “दोन्हीत स्ट्रोक व्हॉल्यूम कमीच होतो, मग ओळखायचं कसं?” तुझा प्रश्न बरोबर आहे. स्ट्रोक व्हॉल्यूमवरून ते ओळखता येतच नाही. तू आलेखात काय बदललं हे शोधत बसलीस. मी तुला आधी काय बदललं नाही ते शोधायला सांगेन. ते कसं, हे तुझ्याच आकृतीवर दाखवते.

त्याआधी एक खुलासा, कारण दरवर्षी निम्मा वर्ग इथेच घसरतो. या लूपमध्ये वेळ कुठेच नाही. आडव्या अक्षावर डाव्या व्हेंट्रिकलमधल्या रक्ताचं आकारमान असतं आणि उभ्या अक्षावर दाब. ईसीजी आणि हृदयाच्या आवाजांसोबत येणाऱ्या त्या मोठ्या आलेखात आडवा अक्ष वेळेचा असतो, आणि डोळ्यांना तीच सवय लागलेली असते. म्हणून मुलं लूपची उभी रेघ बघून म्हणतात, “हे किती पटकन झालं!” उभ्या रेघेचा अर्थ एवढाच की दाब बदलतोय पण आकारमान तेच आहे, म्हणजे दोन्ही झडपा बंद आहेत. वेळ बघायचीच असेल तर पेन्सिलीने लूपवर घड्याळाच्या उलट दिशेने बाण काढ. मी अजूनही काढते.

आता चार कोपरे. खाली उजवीकडे मायट्रल झडप बंद होते, वर उजवीकडे अओर्टिक उघडते, वर डावीकडे अओर्टिक बंद होते, खाली डावीकडे मायट्रल उघडते. तुझ्या प्रश्नातल्या सुरुवातीच्या लूपचा खालचा उजवा कोपरा १२० मिलीवर आहे. अओर्टिक झडप ८० मिमी पाऱ्याच्या दाबाला उघडते आणि वरचा डावा कोपरा ५० मिली, १०० मिमी इथे आहे. म्हणजे स्ट्रोक व्हॉल्यूम ७० मिली, इजेक्शन फ्रॅक्शन ५८ टक्के.

दुसऱ्या, तुटक रेघेच्या लूपमध्ये खालचा उजवा कोपरा १२० वरच आहे, झडप ११० ला उघडते आणि वरचा डावा कोपरा ६६ मिली, १४० मिमीवर गेला आहे. स्ट्रोक व्हॉल्यूम ५४, इजेक्शन फ्रॅक्शन ४५ टक्के. तू हा ४५ चा आकडा काढलास आणि हृदय कमकुवत झालं असं ठरवून टाकलंस.

न हललेल्या गोष्टी बघ. खालचा उजवा कोपरा जागेवर आहे, म्हणजे प्रीलोड तोच. मग वरचा डावा कोपरा. तो हलला आहे हे खरं, पण कोणत्या वाटेने हलला? आकृतीत डावीकडून वर चढत जाणारी एक तिरकी रेघ आहे, तिच्याकडे तू बहुतेक सजावट म्हणून पाहिलंस. ती आडव्या अक्षाला १० मिलीवर टेकते. पहिल्या लूपच्या कोपऱ्यापर्यंत तिचा चढ काढ: १०० ÷ (५० − १०), म्हणजे २.५. आता नव्या कोपऱ्यापर्यंत काढ: १४० ÷ (६६ − १०), पुन्हा २.५. कोपरा सरकला तो त्याच रेघेवरून, रुळावरून डबा सरकावा तसा. रेघ हलली नाही, म्हणून कॉन्ट्रॅक्टिलिटी बदलली नाही. स्नायू पूर्वीइतकाच जोर लावतो आहे, समोरचा दाब वाढल्यामुळे झडप लवकर बंद झाली आणि १६ मिली रक्त आत राहून गेलं.

खरोखरच कॉन्ट्रॅक्टिलिटी घटलेला लूप कसा दिसला असता? समज, खालचा उजवा कोपरा १२० वरच, झडप ८० लाच उघडली, आणि वरचा डावा कोपरा ७० मिली, ९० मिमीवर आला. स्ट्रोक व्हॉल्यूम ५०, इजेक्शन फ्रॅक्शन ४२ टक्के. आकडे आधीच्या लूपच्या किती जवळ आहेत बघ. पण चढ आहे ९० ÷ (७० − १०), म्हणजे १.५. रेघच खाली झुकली. परीक्षेत तिरकी रेघ काढलेली नसेल तर भागाकार करता येणार नाही, तेव्हा वरच्या डाव्या कोपऱ्याची दिशा पाहायची. तो उजवीकडे आणि वर गेला तर आधी आफ्टरलोडचा विचार कर. उजवीकडे गेला पण वर गेलाच नाही, किंवा खाली उतरला, तर स्नायू कमी पडला आहे.

ही रेघ १९७० च्या दशकात सुगा आणि सागावा यांनी जॉन्स हॉपकिन्समध्ये कुत्र्यांच्या हृदयांवर काम करून मांडली. ती अगदी सरळ असते असं नाही, आणि जिवंत माणसात आफ्टरलोड वाढला की पुढच्या काही ठोक्यांत आत उरलेलं रक्त साचून खालचा उजवा कोपराही थोडा उजवीकडे सरकतो. प्रश्नपत्रिकेतलं हृदय तसं वागत नाही, तिथे एका वेळी एकच गोष्ट बदललेली असते. पण वॉर्डात गेल्यावर हे लक्षात असू दे, नाहीतर पुस्तकासारखा लूप मिळाला नाही म्हणून गोंधळशील.

झडप गळत असेल तर मात्र कोपऱ्यांआधी भिंती पाहायच्या. उभी भिंत कलली की आकारमान ‘बंद’ काळातही बदलतंय. उजवी भिंत चढताना डावीकडे झुकली तर रक्त मागे एट्रियममध्ये जातंय, मायट्रल गळतेय. डावी भिंत उतरताना उजवीकडे झुकली तर अओर्टामधून परत येतंय.

आता तुझा दुसरा फोटो, डोस-रिस्पॉन्सचा. फार्माकॉलॉजी पुढच्या वर्षी आहे म्हणून तू तो सोडून दिलास, पण वाचायची रीत तीच आहे. आमच्या वेळी हा आलेख आम्ही हाताने काढायचो. बेडकाचा रेक्टस स्नायू, त्यावर असिटिलकोलीन, आणि काजळी धरलेल्या ड्रमवर उमटणारी रेघ. एप्रनची बाही काजळीला लागली की मॅडम ओरडायच्या, ते वेगळंच. पण एक फायदा झाला: डोस दुप्पट केला की रेघ दुप्पट उंच होत नाही, हे डोळ्यांनी दिसायचं. आता हे संगणकावर चालतं, त्यात बेडूक वाचतो, म्हणून माझी तक्रार नाही.

या आलेखाचा आडवा अक्ष लॉगचा असतो. −७ पासून −६ पर्यंत एक घर, म्हणजे डोस दहापट. अर्ध घर सरकलं तर पाचपट नव्हे, साधारण ३.२ पट. तुझ्या प्रश्नात असिटिलकोलीनचा वक्र ट्यूबोक्युरारीन दिल्यावर −६ वरून −५ वर गेला आहे. निम्मा परिणाम मिळवायला आता दहापट असिटिलकोलीन लागतंय. आणि न हललेली गोष्ट? वरचा टप्पा. पुरेसा डोस दिला की परिणाम पूर्वीइतकाच मिळतो, कारण दोन्ही औषधं एकाच जागेसाठी भांडतात आणि संख्येने जास्त असेल ते जिंकतं. ही स्पर्धात्मक अडवणूक. याउलट वरचा टप्पा खाली बसला आणि निम्म्या परिणामाचा डोस जागेवरच राहिला, तर कितीही असिटिलकोलीन ओतलं तरी भरून निघणार नाही अशी अडवणूक आहे.

इतकं बहुतेकांना येतं. फसवतात त्या पुढच्या दोन गोष्टी.

पहिली उभ्या अक्षाच्या मजकुरात आहे. तिथे परिणाम ग्रॅममध्ये किंवा मिलिमीटरमध्ये दिला असेल तर ठीक. पण ‘कमाल परिणामाची टक्केवारी’ असं लिहिलं असेल तर विचार, कोणाच्या कमालची? प्रत्येक वक्राची टक्केवारी त्याच्या स्वतःच्या कमालवरून काढली असेल, तर खाली बसलेला टप्पाही १०० वरच दिसेल. न हललेली वाटणारी गोष्ट तिथे कागदावरच ओढून सरळ केलेली असते. म्हणून वक्राकडे बघायच्या आधी अक्षावरचे शब्द बोट ठेवून वाच.

दुसरी फिनॉक्सीबेन्झामीनची. हे औषध अल्फा रिसेप्टरला पक्कं चिकटतं, सुटत नाही. मग नॉरअ‍ॅड्रेनलीनचा टप्पा लगेच खाली बसायला हवा ना? पण थोड्या डोसला वक्र नुसता उजवीकडे सरकतो, टप्पा तसाच, आणि विद्यार्थी ‘स्पर्धात्मक’ लिहून मोकळे होतात. कारण असं की काही ऊतींमध्ये पूर्ण परिणामासाठी सगळे रिसेप्टर लागत नाहीत, काही राखीव असतात. आधी ही राखीव फौज कापली जाते. उरलेल्यांकडून पूर्ण काम होतं, फक्त त्यांना गाठायला जास्त नॉरअ‍ॅड्रेनलीन लागतं. राखीव संपले की पुढच्या डोसला टप्पा कोसळतो. तेव्हा एकाच सरकलेल्या वक्रावर निकाल देऊ नकोस. आकृतीत अडवणाऱ्या औषधाचे तीन-चार डोस असतील तर सगळ्यात उजवीकडच्या वक्राचा माथा बघ. एकच वक्र दिला असेल आणि औषधाचं नाव दिलं असेल, तर ते नाव तिथे उगाच नाही.

आता तुला एक लूप देते. सुरुवात तीच, १२० आणि ५० ची. औषध दिल्यावर खालचा उजवा कोपरा १०० मिलीवर आला, अओर्टिक झडप ६० ला उघडते, वरचा डावा कोपरा ४२ मिली, ८० मिमीवर आहे. प्रीलोड, आफ्टरलोड आणि कॉन्ट्रॅक्टिलिटी यांपैकी काय बदललं, काय नाही, आणि असं करणारं औषध शिरांवर काम करत असेल, धमन्यांवर की दोन्हींवर, ते लिहून पाठव. नुसता पर्याय नको, भागाकारही दाखव.

तुझी,
मॅडम