क्यूबिटवरील नॉइज: ऑपरेटरांची बेरीज आणि 'काहीच न घडण्याचा' हिशेब

प्रश्न (नांदेड, एमएस्सी भौतिकशास्त्र): सर, अँप्लिट्यूड डॅम्पिंगसाठी मी K₀ = √(1−γ) I आणि K₁ = √γ |0⟩⟨1| असे दोन ऑपरेटर घेतले. γ = 0.36 ठेवून |0⟩ वर चॅनेल लावला, तर ट्रेस 1 ऐवजी 0.64 येतो. डीपोलरायझिंगमध्ये हीच मांडणी चालते, मग इथे का नाही?

उत्तर: चॅनेल ρ → Σ KᵢρKᵢ† असा लिहिला, म्हणजे प्रत्येक ऑपरेटर हा एका संभाव्य घटनेचा वाटा असतो आणि KᵢρKᵢ† चा ट्रेस ही त्या घटनेची संभाव्यता असते. या सर्व संभाव्यतांची बेरीज कोणत्याही सुरुवातीच्या अवस्थेसाठी 1 यायला हवी, आणि त्यासाठीच Σ Kᵢ†Kᵢ = I ही अट आहे. तुमच्या दोन ऑपरेटरांसाठी ही बेरीज (1−γ)I + γ|1⟩⟨1| इतकी होते. तिच्या कर्णावर 0.64 आणि 1 येतात, आणि |0⟩ वर तुम्हाला दिसलेला 0.64 तिथूनच आला आहे.

डीपोलरायझिंगमध्ये √(1−p) I हा पहिला ऑपरेटर चालतो, कारण तिथल्या उरलेल्या तीन घटना X, Y आणि Z या युनिटरी आहेत. X†X, Y†Y आणि Z†Z हे तिन्ही I च असतात, त्यामुळे प्रत्येक घटनेची संभाव्यता p/3 इतकीच राहते, मग क्यूबिट कोणत्याही अवस्थेत असो. घटना घडण्याची शक्यता अवस्थेवर अवलंबून नसेल, तर 'घटना घडली नाही' हा वाटाही अवस्थेला हात लावत नाही. अँप्लिट्यूड डॅम्पिंगमध्ये मात्र |1⟩ मधूनच ऊर्जा बाहेर पडू शकते, |0⟩ मधून ती कधीच पडत नाही. K₁†K₁ = γ|1⟩⟨1| असल्यामुळे K₀†K₀ ला I − γ|1⟩⟨1| व्हावेच लागते, आणि त्यातून K₀ = |0⟩⟨0| + √(1−γ)|1⟩⟨1| मिळतो. तुम्ही √(1−γ) हा गुणक दोन्ही पायाभूत अवस्थांना लावला. तो फक्त |1⟩ ला लावायचा आहे. कोणताही चॅनेल लिहून झाला की आधी Σ Kᵢ†Kᵢ काढून पाहावे आणि मगच पुढची आकडेमोड करावी, असे मी आग्रहाने सांगेन.

प्रश्न (लातूर, अभियांत्रिकी): क्यूबिटमधून ऊर्जा बाहेर पडलीच नाही, तरीसुद्धा K₀ अवस्था बदलतो, हे काही पटत नाही. ज्या वेळी काही घडलेच नाही, त्या वेळी बदल कशामुळे होतो?

उत्तर: हा या विषयाचा गाभा आहे, म्हणून आकडे घेऊनच पाहू. सुरुवातीची अवस्था |+⟩, म्हणजे (|0⟩ + |1⟩)/√2, आणि γ = 0.36 घ्या. K₀ लावल्यावर (|0⟩ + 0.8|1⟩)/√2 मिळते. तिच्या लांबीचा वर्ग 0.82 आहे, म्हणजे ऊर्जा बाहेर न पडण्याची संभाव्यता 0.82 आहे, आणि उरलेल्या 0.18 संभाव्यतेने K₁ घडून क्यूबिट सरळ |0⟩ मध्ये जातो. ऊर्जा पडली नाही असे गृहीत धरले, तर |1⟩ सापडण्याची शक्यता 0.64/1.64, म्हणजे सुमारे 0.39 होते. सुरुवातीला ती 0.50 होती.

आपल्याकडे शेतावर लाइट रात्री केव्हा येईल याचा नेम नसतो, आणि ऑटो लावलेली मोटार लाइट येताच आपोआप सुरू होते. ऑटो लावले होते की नाही हे आठवत नसेल आणि बराच वेळ मोटारीचा आवाज आला नाही, तर जसजशी रात्र सरते तसतसा 'ऑटो बंदच राहिले असावे' हा संशय वाढत जातो. आवाज न येणे हीसुद्धा एक माहिती असते. फरक एवढाच की मोटारीच्या बाबतीत फक्त आपले अनुमान बदलते, स्टार्टर जसा होता तसाच राहतो. क्यूबिटच्या बाबतीत सुपरपोझिशनमधला |1⟩ चा वाटाच खरोखर कमी होतो, आणि नंतर केलेल्या कोणत्याही मापनात तो कमी झालेला दिसतो.

दोन्ही वाटे एकत्र केले की हिशेब जुळतो. K₀ρK₀† आणि K₁ρK₁† यांची बेरीज अशी येते:

```
ρ' = [ 0.68  0.40 ]
     [ 0.40  0.32 ]
```

इथला 0.32 म्हणजे 0.50 × 0.64. कर्णाबाहेरचा 0.50 हा आकडा √(1−γ) = 0.8 ने गुणला जाऊन 0.40 झाला आहे. γ = 1 − e^(−t/T₁) असल्यामुळे कर्णाबाहेरच्या पदांचा ऱ्हास e^(−t/2T₁) या दराने होतो, आणि म्हणूनच केवळ अँप्लिट्यूड डॅम्पिंग असेल तेव्हा T₂ = 2T₁ असते. प्रत्यक्ष मोजलेला T₂ त्याहून कमी आला, तर फेजचा वेगळा नॉइजही आहे असे समजावे.

प्रश्न (परभणी, अध्यापक): |+⟩ वर अँप्लिट्यूड डॅम्पिंग γ = 0.36 आणि डीपोलरायझिंग p = 0.15 लावून X दिशेत मापन केले. दोन्हींचे निष्कर्ष सारखेच आले. मग हे दोन नॉइज ओळखायचे कसे?

उत्तर: आपण निवडलेल्या आकड्यांमुळे तसे झाले आहे, आणि विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी हे उदाहरण फार उपयुक्त आहे. डीपोलरायझिंगमध्ये ब्लॉख सदिश सर्व दिशांनी 1 − 4p/3 पट होतो. p = 0.15 साठी तो गुणक 0.8 येतो, आणि √(1−0.36) हाही 0.8 च आहे. त्यामुळे '+' हे उत्तर मिळण्याची संभाव्यता दोन्हीकडे 0.90 येते. तीच अवस्था Z दिशेत मोजा: अँप्लिट्यूड डॅम्पिंगनंतर 0 मिळण्याची संभाव्यता 0.68 असेल, डीपोलरायझिंगनंतर 0.50.

प्रत्यक्ष उपकरणावर याहून भक्कम कसोटी घ्यावी. |0⟩ आणि |1⟩ वेगवेगळे तयार करून प्रत्येकी वाढत्या प्रतीक्षेनंतर Z मोजावे. ऊर्जेचा ऱ्हासच असेल, तर |0⟩ जागचा हलत नाही आणि |1⟩ हळूहळू |0⟩ कडे जातो; T₁ 100 मायक्रोसेकंद असेल, तर γ = 0.36 सुमारे 45 मायक्रोसेकंदांत गाठला जातो. डीपोलरायझिंग असेल, तर दोन्ही अवस्था निम्म्या-निम्म्याकडे सरकतात. शून्य प्रतीक्षेचे मापन मात्र अवश्य घ्यावे, कारण वाचनातली चूकही |1⟩ ला 0 म्हणून दाखवते. ती चूक प्रतीक्षेबरोबर वाढत नाही, ऱ्हास वाढतो, आणि त्यावरूनच दोन्ही वेगळे करता येतात.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर, पीएचडी): p = 0.15 हाच आकडा Qiskit आणि Cirq मध्ये दिला, तरी उत्तरे वेगळी येतात. यातले चुकते कोण?

उत्तर: दोन्ही बरोबर आहेत, दोन्हींमध्ये तो आकडा वेगवेगळ्या राशीला दिला जातो. `cirq.depolarize(p)` मध्ये p ही X, Y, Z पैकी काहीतरी घडण्याची एकूण संभाव्यता असते, प्रत्येकी p/3. Qiskit च्या `depolarizing_error` मध्ये दिलेला आकडा λ असतो आणि एका क्यूबिटसाठी चॅनेल (1−λ)ρ + λI/2 असा लिहिलेला असतो. I/2 म्हणजे ρ, XρX, YρY आणि ZρZ यांची सरासरी; तीत ρ स्वतःही एक चतुर्थांश असल्यामुळे λ मधला तेवढा भाग प्रत्यक्षात काहीच करत नाही, आणि λ = 4p/3 हा संबंध मिळतो. खात्री करण्यासाठी |0⟩ वर चॅनेल लावून 1 येण्याची संभाव्यता पाहा: 0.15 हा आकडा दिल्यावर Cirq मध्ये ती 0.10 येईल आणि Qiskit मध्ये 0.075. दोन्हीकडे 0.10 हवे असेल, तर Qiskit ला 0.20 द्यावे.