एका पानाचा अहवाल पुरतो का?

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी रो-हाउसचा ताबा घेतला. भिंतींना तडे गेले आहेत, हॉलच्या स्लॅबमधून पाणी झिरपतं. बिल्डर म्हणतो, गिलाव्याचे तडे आहेत, घाबरू नका. आम्ही इंजिनिअरला बोलावलं, त्यांनी 'काम निकृष्ट आहे' असं एका पानावर लिहून दिलं. बिल्डरचे वकील म्हणतात, या कागदाला किंमत नाही. खरं आहे का?

उत्तर : बरंचसं खरं आहे. तज्ज्ञाचं मत पुराव्यात चालतं, पण त्यामागची कारणं दिसली तरच त्याला वजन येतं. 'निकृष्ट' हा निष्कर्ष झाला. तो कशावरून काढला, हे तुमच्या कागदात नाही.

तड्यांचंच घ्या. बीम आणि विटांची भिंत जिथे भेटतात, तिथे आडवी बारीक रेघ बऱ्याचदा दोन साहित्यं वेगवेगळी आकसल्याने पडते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका निघून रुंदावत जाणारा तडा असेल, तर पाया खचतोय का हे तपासावं लागतं. म्हणून अहवालात प्रत्येक तड्याची जागा, लांबी, रुंदी, तारखेसह फोटो आणि संभाव्य कारण हवं. तडा वाढतोय का हे पाहायला त्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवून तारीख टाकतात. पट्टी तडकली, तर हालचाल चालू आहे.

काँक्रीटबद्दल शंका असेल तर नुसत्या रिबाउंड हॅमरवर विसंबू नका. तो पृष्ठभागाचा कडकपणा सांगतो. एका प्रकरणात तर आमच्याच तज्ज्ञाने गिलावा न काढता वर हॅमर मारला होता आणि उलटतपासणीत ते दोन मिनिटांत उघडं पडलं. काँक्रीटमधून कोअर, म्हणजे गोल दंडाकृती नमुना, कापून प्रयोगशाळेत तपासणं अधिक भक्कम. काँक्रीटच्या आयएस 456 या भारतीय मानकानुसार किमान तीन कोअर लागतात. त्यांची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या 85 टक्के तरी हवी आणि एकही 75 टक्क्यांखाली नको. तुमच्या करारात किंवा स्ट्रक्चरल ड्रॉइंगमध्ये काँक्रीटची प्रत एम 20 लिहिली असेल, तर सरासरी 17 आणि कोणताही कोअर 15 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरपेक्षा कमी नको. सळई कापली जाणार नाही अशी जागा इंजिनिअरनेच ठरवावी आणि भोक नंतर भरून घ्यावं.

आता कायद्याची बाजू. तपासणीआधी बिल्डरला तारीख-वेळ कळवा, त्याच्या इंजिनिअरला हजर राहायला सांगा. तो आला नाही, तरी 'आमच्या पाठीमागे केलं' असं पुढे म्हणता येणार नाही. तोवर तडे बुजवू नका.

दोष लेखी कळवल्याची पोच ठेवा. रेरा कायद्याच्या कलम 14(3) प्रमाणे ताब्यापासून 5 वर्षांत दोष निदर्शनास आणला, तर बिल्डरने 30 दिवसांत, पैसे न घेता दुरुस्ती करायची असते. केली नाही तर भरपाई मागता येते. म्हणून अहवालात दुरुस्तीचं अंदाजपत्रकही घ्या, बाबवार. इंजिनिअर शपथपत्र द्यायला आणि उलटतपासणीला उभे राहायला तयार आहेत का, हे फी ठरवतानाच विचारा.